गोव्यातील स्पर्धा परीक्षांच्या नोट्सच्या टेलिग्राम चॅनलचे नाव आणि वर्णन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीतून आम्ही दोघे मित्र गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेसाठी मराठीतून नोट्स काढतो आणि टेलिग्रामवरील चॅनलवर टाकतो. पेडणे, सत्तरी, फोंडा या भागांत असेच चॅनल सुरू करणारे अनेक जण नाव आणि वर्णनाच्या शब्दांबद्दल आमच्याकडे विचारणा करतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरण एकच घेतले आहे : गट ‘क’च्या पदांची तयारी करणाऱ्यांसाठी मराठी नोट्सचा चॅनल.

नाव, युजरनेम आणि वर्णन या तिन्हींत नेमका फरक काय?

नाव म्हणजे चॅट यादीत ठळक दिसणारा मजकूर. तो देवनागरीत, रोमन लिपीत किंवा दोन्ही मिळून लिहिता येतो आणि त्याला 128 वर्णांची मर्यादा आहे. युजरनेम म्हणजे `t.me/` नंतर येणारा पत्ता. त्यात फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेषा चालतात, सुरुवात अक्षरानेच करावी लागते आणि लांबी 5 ते 32 वर्णांची असावी लागते. वर्णन म्हणजे चॅनलच्या माहितीच्या पानावर दिसणारा, जास्तीत जास्त 255 वर्णांचा मजकूर.

तिघांची कामे निराळी आहेत. अनोळखी उमेदवार शोधपट्टीत काही टाइप करतो तेव्हा चॅनल सापडतो तो नाव आणि युजरनेम यांच्यावरून. सापडल्यानंतर थांबायचे की पुढे जायचे, हे तो वर्णन वाचून ठरवतो. त्यामुळे शोधासाठी लागणारे शब्द वर्णनात कोंबून काही साधत नाही आणि समजावून सांगायची वाक्ये नावात घालूनही काही साधत नाही. चॅनल खाजगी ठेवला असेल तर त्याला युजरनेम नसते आणि तो शोधात येतच नाही. आमंत्रणाच्या लिंकवरूनच त्यात जाता येते.

नावात ‘GPSC Notes’ एवढे पुरेसे नाही का?

नाही, आणि ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. आमच्या चॅनलचे पहिले नाव `GPSC Notes Marathi` असे होते. थोड्याच दिवसांत गुजराती माध्यमाचे साहित्य मिळेल का, अमुक जिल्ह्यातील तलाठी भरतीचा अभ्यासक्रम कोठे आहे, अशी विचारणा सुरू झाली. गोवा लोकसेवा आयोग आणि गुजरात लोकसेवा आयोग या दोघांचेही रोमन संक्षिप्त रूप `GPSC` हेच आहे, आणि गुजरातमधील उमेदवारांची संख्या पाहता त्या चार अक्षरांवर त्यांचाच हक्क जास्त, असे म्हणावे लागेल. शिवाय आमच्या नोट्स लोकसेवा आयोगाच्या राजपत्रित पदांसाठी नव्हत्याच. त्या कर्मचारी निवड आयोगाच्या गट ‘क’च्या पदांसाठी होत्या. म्हणजे चुकीच्या राज्याचे लोक आत येत होते आणि योग्य राज्याचेही चुकीच्या परीक्षेसाठी येत होते.

हा घोळ `GPSC`पुरता नाही. `MPSC` म्हटले की आपल्याला महाराष्ट्र आठवतो, पण मणिपूर, मेघालय आणि मिझोराम यांच्या लोकसेवा आयोगांचे संक्षिप्त रूपही तेच आहे. गोव्यात सर्वांत फसवे रूप `SSC` हे आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाला `SSC` म्हणतात आणि आपल्याकडे दहावीच्या शालान्त परीक्षेलाही `SSC`च म्हणतात. ‘एसएससी मराठी नोट्स’ नावाच्या चॅनलवर दहावीची मुले कुमारभारतीच्या धड्यांची उत्तरे मागत आली तर दोष त्यांचा नाही. गोवा कर्मचारी निवड आयोगाचे `GSSC` हे रूप त्या मानाने सुरक्षित आहे, मात्र गुजरातच्या गौण सेवा निवड मंडळाचे `GSSSB` त्याच्या अगदी जवळ जाते. म्हणून संक्षिप्त रूप कोणतेही घ्या, त्याला राज्याचे नाव चिकटून असलेच पाहिजे.

नाव देवनागरीत ठेवावे की रोमन लिपीत?

टेलिग्रामचा शोध लिपी बदलून पाहत नाही. कोणी `goa` असे टाइप केले तर ‘गोवा’ एवढेच लिहिलेले नाव त्याला दिसणार नाही. ‘गोवा’ टाइप करणाऱ्याला केवळ रोमन नाव दिसणार नाही. मराठी वाचणारे आपले बहुतेक उमेदवार मोबाइलवर शोधताना रोमन अक्षरेच वापरतात, पण सगळेच नाहीत. कोंकणीत लिहिणारा तर ‘गोंय’ असे लिहील.

यावर काहीजण एकच शब्द दोन लिप्यांत दोनदा लिहितात आणि नाव लांबवतात. त्यापेक्षा युजरनेमचा उपयोग करून घ्यावा, कारण शोध त्यातही होतो आणि ते रोमनच असते. नावात ‘गोवा’ देवनागरीत आणि युजरनेमच्या सुरुवातीलाच `goa`, अशी विभागणी केली की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. आमच्या उदाहरणातील जोडी अशी होते :

```
गोवा GSSC तयारी – मराठी नोट्स
goa_gssc_marathi
```

पहिली ओळ मोकळ्या जागा धरून 29 वर्णांची आहे. ‘गोवा’ आणि `GSSC` सुरुवातीला आहेत, कारण चॅट यादीत नाव शेवटाकडून कापले जाते. लहान पडद्याच्या फोनवर ‘मराठी नोट्स’ हे शब्द गेले तरी उरलेल्या भागातून राज्य, परीक्षा आणि हेतू कळतो. ‘स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्र, गोवा’ असे नाव कापले गेले की जे उरते, तसे चॅनल महाराष्ट्रात शेकड्यांनी सापडतील.

‘तयारी’ हा शब्द अनावश्यक वाटतो. तो काढला तर चालेल का?

चालणार नाही. ‘गोवा कर्मचारी निवड’ किंवा नुसते ‘गोवा GSSC’ असे नाव ठेवले की चॅनल आयोगाचाच आहे, असे वाचणाऱ्याला वाटते. ‘तयारी’ हा एकच शब्द बोलणारा कोण आहे ते सांगतो : परीक्षा घेणारा नव्हे, परीक्षेची तयारी करून घेणारा. ‘अधिकृत’ किंवा `Official` हे शब्द तर कोणत्याही अर्थाने घालू नयेत. ‘आमच्या क्लासचा अधिकृत चॅनल’ एवढेच आपल्याला म्हणायचे असते, पण घाईत वाचणारा त्यातील ‘आमच्या क्लासचा’ हे शब्द वाचत नाही.

कायद्याची बाजूही आहे. सरकारचा आश्रय असल्याचा भास निर्माण करणारी नावे व्यवसायासाठी वापरण्यावर 1950च्या कायद्याने निर्बंध आहेत आणि राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005चा स्वतंत्र कायदा आहे. नावाशेजारच्या गोल चित्रात अशोकस्तंभ लावण्याची पद्धत पडली आहे, ती म्हणूनच टाळावी. टेलिग्रामकडे तक्रारी गेल्या तर तोतया चॅनलच्या नावापुढे `FAKE` अशी लाल पट्टीही लागू शकते.

आपल्या नावामुळे गैरसमज होतो आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. उमेदवार आपल्याला अर्ज क्रमांक पाठवून ‘प्रवेशपत्र अजून आले नाही’ असे विचारू लागले, तर ते आपल्याला आयोग समजत आहेत. अशा वेळी एकेकाला उत्तर देत बसण्याऐवजी नाव बदलावे.

‘मराठी माध्यम’ लिहावे की ‘मराठी नोट्स’?

‘मराठी नोट्स’ किंवा ‘मराठीतून नोट्स’ असेच लिहावे. महाराष्ट्रात ‘मराठी माध्यम’ म्हटल्यावर उमेदवार प्रश्नपत्रिकाही मराठीत असेल असे धरून चालतो. गोव्यात हे गृहीत धरता येत नाही. येथील 1987च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी कोंकणी ही राजभाषा आहे, मराठीच्या वापराचीही त्यात तरतूद आहे, आणि भरतीच्या जाहिरातींत कोंकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे ज्ञान इष्ट, असा उल्लेख नेहमी आढळतो. प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत असेल हे त्या त्या पदाची जाहिरात सांगेल. आपला चॅनल फक्त नोट्सची भाषा सांगू शकतो. ‘माध्यम’ या एका शब्दामुळे एखादा उमेदवार इंग्रजी व्याकरणाकडे दुर्लक्ष करून बसला, तर ते आपल्या शब्दनिवडीमुळे झाले असे समजावे.

वर्णनात 255 वर्ण मिळतात, मग माझा मजकूर शंभर अक्षरांतच का संपतो?

कारण आपण अक्षरे मोजतो आणि यंत्र वर्ण मोजते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची प्रत्येकाची वेगळी नोंद होते. ‘स्पर्धा’ हा शब्द आपल्या डोळ्याला दोन अक्षरांचा आहे. यंत्राच्या लेखी तो स, हलन्त, प, र, हलन्त, ध आणि काना असा सात वर्णांचा आहे. जोडाक्षरे जितकी जास्त, तितकी जागा लवकर भरते.

‘गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेसाठी मराठी नोट्स.’ हे वाक्य घ्या. त्यात मोजून 23 अक्षरे आहेत, पण मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून वर्ण मात्र 53 होतात. म्हणजे एका वाक्यातच पाचवा हिस्सा खर्च झाला. इंग्रजी चॅनलचे वर्णन पाहून त्याच्यासारखे सात-आठ मुद्दे मराठीत मांडायचे ठरवले तर ते बसणार नाहीत. चार मुद्दे नीट बसतात, म्हणून चारच निवडावेत.

मग ते चार मुद्दे कोणते? पूर्ण नमुना दाखवता येईल का?

आमचे जुने वर्णन आधी दाखवतो, कारण असे वर्णन आजही सर्वत्र दिसते :

```
सर्व स्पर्धा परीक्षांचे 100% खात्रीशीर नोट्स मोफत. UPSC MPSC GPSC SSC RAILWAY BANK POLICE. जॉईन करा, शेअर करा, यश नक्की!
```

यात वाचणाऱ्याच्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. कोणत्या परीक्षेच्या नोट्स आहेत, हे कळत नाही, कारण सगळ्यांचीच नावे आहेत. किती आणि केव्हा मिळणार, हे कळत नाही. लिहिणारे कोण, चूक आढळली तर कोणाला सांगायचे, याचाही पत्ता नाही. ‘खात्रीशीर’ हा शब्द कशाची खात्री देतो, हे आम्हालाही सांगता आले नसते. सध्या आम्ही नवीन चॅनल काढणाऱ्यांना पुढील नमुना देतो. त्यातील पत्ते केवळ उदाहरणादाखल आहेत :

```
गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेसाठी मराठी नोट्स. गोव्याचा इतिहास, भूगोल, गणित, इंग्रजी व्याकरण. सोमवार ते शुक्रवार रोज एक पीडीएफ, रविवारी सराव चाचणी. आयोगाशी संबंध नाही; जाहिरात आयोगाच्याच संकेतस्थळावर पाहा. चुका कळवा: @goa_gssc_chuka
```

हे 239 वर्ण होतात. पहिल्या दोन वाक्यांत परीक्षा आणि विषय येतात, तिसऱ्यात वेळापत्रक, चौथ्यात आयोगाशी संबंध नसल्याची कबुली, आणि शेवटी चुका कळवण्याचा पत्ता. क्रमही जाणूनबुजून ठरवलेला आहे. चॅनलची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की तिच्याखाली चॅनलचे नाव आणि वर्णनाचा सुरुवातीचा भाग दिसतो. बहुतेक नवे सदस्य मित्राने पाठवलेल्या अशा लिंकवरूनच येतात, म्हणून पहिले वाक्य एकटे वाचले तरी पुरेसे वाटले पाहिजे. ‘नमस्कार मित्रांनो, आपले स्वागत आहे’ अशी सुरुवात केली तर त्या मोक्याच्या जागी फक्त स्वागत उरते.

विषयांच्या यादीत आपण खरोखर नोट्स टाकतो तेवढेच विषय लिहावेत. अभ्यासक्रमातले सगळे विषय लिहिण्याचा मोह होतो. पण संगणकाची एकही पीडीएफ न टाकता ‘संगणक’ लिहिले, तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ती मागणार.

‘रोज एक पीडीएफ’ असे लिहावे का? एखादा दिवस चुकला तर?

पाळता येईल तेवढेच लिहावे. आम्ही आधी ‘रोज’ असे लिहिले होते आणि चतुर्थीच्या दिवसांत आठवडाभर एकही पीडीएफ गेली नाही. ‘सोमवार ते शुक्रवार’ ही मर्यादा त्यानंतर आली. नोकरी सांभाळून नोट्स काढणाऱ्याने ‘आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी’ असे लिहिले तरी काही बिघडत नाही. सदस्य त्या दोन दिवशी येऊन पाहतात.

नावात वर्ष घालावे का?

घालू नये. ‘GSSC 2025’ हे नाव जानेवारी उजाडताच शिळे होते आणि नवा उमेदवार चॅनल बंद पडला असे समजतो. वर्ष एखाद्या भरतीशी बांधलेले असेल तर ते पिन केलेल्या संदेशात लिहावे.

जुन्या प्रश्नपत्रिका आणि ‘अपेक्षित प्रश्न’ यांचा उल्लेख कसा करावा?

आयोगाची परीक्षा संगणकावर होते आणि उमेदवार प्रश्नपत्रिका घेऊन बाहेर येत नाही. परीक्षेनंतर मुले जे प्रश्न सांगतात ते आठवणीतले असतात. पर्याय मागेपुढे झालेले असतात, कधी आकडाच चुकलेला असतो. असा संग्रह ‘मागील प्रश्नपत्रिका’ या नावाने देणे चुकीचे आहे. ‘उमेदवारांच्या आठवणीतले प्रश्न’ असे लिहावे. एक शब्द जास्त खर्च होतो, पण एखादे उत्तर चुकीचे निघाले तर कोणी फसवल्याचा आरोप करत नाही.

‘अपेक्षित’ हा शब्द सरावापुरता ठीक आहे. ‘फुटलेला पेपर’, ‘लीक’, ‘आतली माहिती’ असे शब्द मात्र गमतीनेसुद्धा वापरू नयेत. केंद्रीय परीक्षांमधील गैरप्रकारांविरुद्धचा 2024चा कायदा लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती अशा केंद्रीय परीक्षांना लागू आहे आणि त्यात दोषी ठरल्यास किमान तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. राज्याच्या परीक्षा त्याच्या कक्षेत येत नाहीत हे खरे. पण वर्णनात तो शब्द असला की चौकशीत आपल्याच चॅनलकडे बोट जाईल, ते वेगळेच.

‘मोफत पुस्तके’ असे लिहिल्यावर सदस्य वाढतात. का लिहू नये?

बाजारात विकल्या जाणाऱ्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत वाटणे हा 1957च्या स्वामित्व हक्क कायद्याचा भंग आहे, आणि ‘मोफत पुस्तके’ हे शब्द म्हणजे आपणच लिहून दिलेला कबुलीजबाब ठरतो. प्रकाशकाच्या तक्रारीवरून टेलिग्राम मजकूर काढून टाकतो. स्वतः काढलेल्या नोट्स असतील तर ‘स्वतः तयार केलेल्या’ हे शब्द घालण्यासारखे आहेत. आमच्या नमुन्यात अजून 16 वर्ण शिल्लक आहेत, पण हे शब्द त्यांत बसत नाहीत, तेव्हा ‘इंग्रजी व्याकरण’ऐवजी नुसते ‘इंग्रजी’ करून पाहावे.

नाव बरोबर टाइप केले तरी माझा चॅनल शोधात येत नाही. का?

आधी चॅनल सार्वजनिक आहे का ते पाहावे. असेल तर अक्षरांकडे बघावे, कारण मराठीत एक छुपी अडचण आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते : काही कीबोर्ड ते एकसंध अक्षर म्हणून देतात, तर काही ‘अ’ आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे जोडतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून ‘ॲप्टिट्यूड’सारखा शब्द नावात घेण्याऐवजी ‘बुद्धिमत्ता’ घ्यावा. ‘नोट्स’, ‘नोटस्’ आणि ‘नोट्‌स’ हेही तीन वेगळे शब्द ठरतात. प्रचारात असलेले पहिले रूप घेणे शहाणपणाचे.

तपासणी स्वतःच्या फोनवर करू नये. आपण सदस्य असलेला चॅनल आपल्याला लगेच वर दिसतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. सदस्य नसलेल्या एखाद्याच्या फोनवर ‘गोवा’, `goa gssc` आणि ‘मराठी नोट्स’ असे तीन शोध घेऊन पाहावेत. नवा आणि थोड्या सदस्यांचा चॅनल सामान्य शब्दांवर मागेच राहतो, पण `goa gssc` या शोधातही तो येत नसेल तर युजरनेमचे स्पेलिंग पुन्हा पाहावे.

चॅनल चालू झाल्यावर नाव बदलले तर सदस्य गोंधळतील का?

नाव बदलले की चॅनलमध्ये तशी सूचना आपोआप उमटते, सदस्य तेच राहतात आणि आधीचे संदेशही तसेच राहतात. आम्ही `GPSC`चे नाव बदलले तेव्हा त्याच दिवशी एक संदेश पिन केला : ‘हा तोच चॅनल आहे, लोकसेवा आयोगाच्या नोट्स येथे नव्हत्या, म्हणून नाव दुरुस्त केले आहे.’ काही सदस्य निघून गेले. ते बहुधा गुजरातचेच असावेत. वर्णन बदलल्याचे सदस्यांना कळत नाही, म्हणून वेळापत्रक बदलले तर ते संदेश टाकूनही सांगावे.

युजरनेम बदलणे मात्र महागात पडते. जुने `t.me` पत्ते त्याच क्षणी निकामी होतात. व्हॉट्सॲपच्या गटांत, वाचनालयाच्या फलकावर, पीडीएफच्या तळटिपेत छापलेल्या सगळ्या लिंक मरतात. सोडलेले युजरनेम दुसरा कोणीही उचलू शकतो आणि आपल्या जुन्या लिंकवरून येणारे उमेदवार त्याच्याकडे जातात. म्हणून पहिल्याच दिवशी युजरनेममध्ये वर्ष, स्वतःचे नाव किंवा बदलू शकेल असे पदाचे नाव घालू नये. बदलणे अटळच असेल तर आधी सर्व पीडीएफमधील पत्ता दुरुस्त करावा, मग युजरनेम बदलावे आणि लगेच दुसरा लहानसा चॅनल काढून जुने युजरनेम त्याला देऊन ठेवावे. त्या रिकाम्या चॅनलच्या वर्णनात एकच ओळ पुरते : ‘नोट्स आता या पत्त्यावर’ आणि पुढे नवी लिंक.